ठोके मोजले, वेळ मोजायची राहिली

संगणकासाठी रॅमची पट्टी घ्यायला गेलेल्या माणसाला तिच्यावरच्या लेबलवर `DDR4-3200 CL16-18-18-38` असे काहीतरी छापलेले दिसते. ३२०० हा वेगाचा आकडा आहे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पुढचे १६ आणि १८ मात्र कोडेच राहतात. दुकानदार सांगतो, ‘सीएल जितका कमी, तितकी रॅम चांगली.’ गिऱ्हाईक मान डोलावते आणि १६ची पट्टी उचलते. काही वर्षांनी तेच गिऱ्हाईक नव्या पिढीची पट्टी पाहायला जाते, तेव्हा तिच्यावर सीएल ४० लिहिलेले असते. सोळाचे चाळीस झाले म्हणजे नवा माल जुन्यापेक्षा अडीच पट संथ, असे त्याला वाटते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकतो हे कळले की रॅममध्ये नेमके काय घडते तेही कळते.

हे आकडे वेळ सांगत नाहीत, ठोके सांगतात. सलाईन लावताना परिचारिका मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजते. पण ३० थेंब म्हणजे किती औषध, हे नळीचा संच कोणता त्यावर ठरते. साध्या संचात २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, तर लहान मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या मायक्रोड्रिप संचात त्यासाठी ६० थेंब लागतात. म्हणजे ३० थेंबांत एकीकडे दीड मिलिलिटर जाईल, दुसरीकडे अर्धाच. नुसती थेंबांची संख्या पाहून मात्रा सांगता येत नाही. रॅमच्या लेबलवरचे १६, १८, ४० हे आकडेही असेच नुसते थेंब आहेत.

एक ठोका केवढा?

पूर्वी असे नव्हते. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या रॅमच्या चिपवर ६० किंवा ७० असा आकडा असे आणि तो सरळ नॅनोसेकंदांत असे. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. एवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम ३० सेंटीमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढे अंतर कापतो. त्या चिपला घड्याळ नव्हते. प्रोसेसरच्या बाजूने मागणी आली की ती कामाला लागे आणि तयार झाले की उत्तर देई.

मग घड्याळाच्या तालावर चालणारी ‘सिंक्रोनस’ रॅम आली. जेडेक या संस्थेने १९९३ मध्ये तिचे मानक स्वीकारले. या पद्धतीत प्रत्येक आज्ञा घड्याळाच्या ठोक्यावर दिली जाते आणि उत्तरही ठोक्यावरच उचलले जाते. दोन ठोक्यांच्या मध्ये काहीही मागता येत नाही. त्यामुळे प्रतीक्षा किती करायची हेही पूर्ण ठोक्यांतच सांगावे लागते. चिपला आतून तेरा-चौदा नॅनोसेकंद लागत असतील, तर त्या अवधीत किती ठोके बसतात ते मोजायचे आणि तो आकडा लिहायचा. लेबलवरचा सीएल हा आकडा असा तयार होतो.

ठोक्याची लांबी काढणे सोपे आहे, फक्त एका ठिकाणी घसरायला होते. डीडीआर या नावाचा अर्थच दुप्पट दराने माहिती देणारी रॅम असा आहे. एका ठोक्यात ती दोनदा माहिती पाठवते, एकदा संकेत चढताना आणि एकदा उतरताना. लेबलवरचे ३२०० हे सेकंदाला होणारे दशलक्ष हस्तांतरणांचे माप आहे. घड्याळ त्याच्या निम्म्याने, म्हणजे १६०० मेगाहर्ट्झने चालते. म्हणून भागाकार २००० या संख्येचा करायचा:

```
time (ns) = CL x 2000 / 3200
```

३२००च्या पट्टीत एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा येतो. असे १६ ठोके म्हणजे बरोबर १० नॅनोसेकंद. ३६००च्या पट्टीवर सीएल १८ असेल तरी उत्तर १०च येते. डीडीआर५-६०००च्या पट्टीवर सीएल ३० असेल तरीही १०. सोळा, अठरा आणि तीस हे तीन आकडे एकच वेळ सांगतात.

ओळ आधी, स्तंभ नंतर

ही प्रतीक्षा कशासाठी असते, हे समजायला चिपच्या आत डोकावावे लागते. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीच मुळात आजही वापरात आहे. एका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. ट्रान्झिस्टर हे त्या कोठडीचे दार.

अशा अब्जावधी कोठड्या ओळी आणि स्तंभांच्या जाळीत मांडलेल्या असतात. पत्ता दोन हप्त्यांत सांगितला जातो, आधी ओळ आणि मग स्तंभ. ही पद्धत १९७३ मध्ये मॉस्टेक या अमेरिकन कंपनीच्या ४,०९६ बिटांच्या चिपमध्ये आली. तिच्या पत्त्याला १२ बिट लागत. बारा पिना देण्याऐवजी कंपनीने सहाच पिना दिल्या आणि त्यांवरूनच आधी ओळीचा व मग स्तंभाचा क्रमांक पाठवला. त्यामुळे चिप १६ पायांच्या लहान आवरणात मावली. ओळीसाठीच्या संकेताला रास आणि स्तंभासाठीच्या संकेताला कास ही नावे पडली. ती आजही वापरली जातात. सीएल म्हणजे कास लेटन्सी, स्तंभ सांगितल्यापासून माहिती बाहेर येईपर्यंतचे ठोके. लेबलवरचा दुसरा आकडा टीआरसीडी, म्हणजे ओळ उघडल्यापासून स्तंभ मागता येईपर्यंतचे ठोके.

दोन्ही प्रतीक्षाच, पण त्या काळात घडते ते अगदी वेगळे. ओळ उघडा अशी आज्ञा आली की त्या ओळीतल्या सगळ्या कोठड्यांची दारे एकदम उघडतात. आठ गिगाबिटच्या एका नेहमीच्या डीडीआर४ चिपमध्ये अशा ८,१९२ कोठड्या असतात. पट्टीवर आठ चिप असतील तर एका वेळी ६५,५३६ कोठड्या उघडतात, म्हणजे आठ किलोबाइट माहिती. प्रत्येक कोठडी आपल्या स्तंभाच्या तारेला जोडली जाते.

खरी अडचण इथे येते. तार लांब असते आणि तिची विद्युतभार सामावण्याची क्षमता कोठडीच्या काही पट असते. त्या तारेला आधीच निम्म्या दाबावर आणून ठेवलेले असते. डीडीआर४ १.२ व्होल्टवर चालते, म्हणून तारेवर ०.६ व्होल्ट. समजा तारेची क्षमता कोठडीच्या सहा पट आहे. पूर्ण भरलेली कोठडी तारेत मोकळी झाली, तर तारेचा दाब ०.६ वरून जेमतेम ०.६९ होईल. रिकामी असेल तर ०.५१ वर उतरेल. या व्होल्टच्या दहाव्या भागाहूनही कमी फरकावरून हे १ होते की ० हे ठरवायचे असते. हे काम तारेच्या टोकाशी बसलेला सेन्स अ‍ॅम्प्लिफायर करतो. तो हा किंचित कल ओळखतो, त्याच दिशेने तारेला ढकलत नेतो आणि शेवटी पूर्ण १.२ किंवा शून्य व्होल्टवर आणून सोडतो. वाचताना कोठडी रिकामी झालेली असते. ती याच ओघात पुन्हा भरली जाते.

हा कल ओळखून त्याचा पक्का निर्णय होईपर्यंतचा काळ म्हणजे टीआरसीडी. त्याआधी स्तंभ मागितला, तर मिळणारे उत्तर अर्धवट तयार असते.

निर्णय झाल्यावर पूर्ण ओळ अ‍ॅम्प्लिफायरांच्या रांगेत तयार उभी असते. आता स्तंभाचा क्रमांक आला की त्यातले हवे ते बिट निवडायचे, चिपच्या आतल्या लांब तारांवरून काठापर्यंत आणायचे, क्रमाने लावायचे आणि ठरल्या ठोक्यावर बाहेर ठेवायचे. हा दुसरा प्रवास म्हणजे सीएल. तिथे कोठडीतला क्षीण विद्युतभार नसतो, पक्के झालेले संकेत असतात. पण अंतर असते आणि टप्पे असतात.

म्हणून एकाच रॅमचा प्रतिसाद प्रसंगानुसार बदलतो. हवी ती ओळ आधीच उघडी असेल तर फक्त सीएल मोजायचा. कुठलीच ओळ उघडी नसेल तर टीआरसीडी अधिक सीएल. भलतीच ओळ उघडी असेल तर आधी ती बंद करून तारा पुन्हा निम्म्या दाबावर आणाव्या लागतात. त्याचे ठोके म्हणजे लेबलवरचा तिसरा आकडा. ओळ किमान किती ठोके उघडी ठेवायची, ते चौथा आकडा सांगतो. `CL16-18-18-38` या पट्टीसाठी पहिल्या प्रसंगी १० नॅनोसेकंद, दुसऱ्या प्रसंगी २१.२५ आणि तिसऱ्या प्रसंगी ३२.५ नॅनोसेकंद लागतात. दुकानात चर्चा फक्त सोळाची होते. पण माहिती विस्कळीत ठिकाणांहून मागवली जात असेल, तर उरलेले दोन आकडे मिळून त्यापेक्षा जास्त वेळ खातात.

पंधरा हे सोळापेक्षा जास्त

आता नेहमी घडणारा एक प्रसंग हिशेबासह पाहू. समजा एका तरुणाने व्हिडिओ संपादनासाठी वरचीच पट्टी घेतली, ३२०० आणि सीएल १६. ती बसवली, संगणक सुरू झाला, सगळे ठीक चालले. उत्सुकता म्हणून त्याने ‘सीपीयू-झेड’ हा मोफत प्रोग्रॅम उघडून `Memory` या पानावर पाहिले. तिथे `CAS# Latency (CL)` पुढे १५ आणि `RAS# to CAS# Delay (tRCD)` पुढेही १५ दिसले. लेबलपेक्षा कमी आकडे! दुकानदाराच्या नियमाने तर त्याला पैशांपेक्षा चांगला माल मिळाला.

पण त्याच पानावर वर `DRAM Frequency` पुढे सुमारे १०६६ मेगाहर्ट्झ लिहिलेले होते. हे घड्याळ दुप्पट केले की २१३३ येतात, ३२०० नव्हे. म्हणजे एक ठोका ०.६२५ ऐवजी जवळजवळ ०.९४ नॅनोसेकंदाचा. असे १५ ठोके म्हणजे १४ नॅनोसेकंदांहून किंचित जास्त. लेबलप्रमाणे हवे होते १०. बंद ओळ उघडून वाचायला २१.२५ऐवजी सुमारे २८ नॅनोसेकंद लागत होते, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश जास्त. शिवाय माहितीच्या ओघाचा वेगही एक तृतीयांशाने घटलेला. आकडा कमी झाला आणि वेळ वाढली.

याचे कारण पट्टीवरच असते. तिच्यावर एक छोटी स्मृतिचिप बसवलेली असते आणि संगणक सुरू होताना बायोस तिच्यातली नोंद वाचते. जेडेकच्या मानकाप्रमाणे असलेली सावध नोंद आधी लागू होते. अशा अनेक पट्ट्यांमध्ये ती २१३३ची असते. लेबलवरचा वेग ही उत्पादकाची वेगळी नोंद असते. इंटेलच्या पद्धतीत तिला ‘एक्सएमपी’ म्हणतात आणि ती बायोसमध्ये जाऊन आपण चालू करावी लागते. डीडीआर४च्या अशा पट्ट्यांना त्या वेगासाठी सहसा १.२ऐवजी १.३५ व्होल्ट दिले जातात. पैसे मोजूनही ही नोंद कधीच चालू न केलेले संगणक वर्षानुवर्षे तसेच चालत राहतात. विंडोजच्या `Task Manager` मध्ये `Memory` खाली `Speed` पाहिले, तरी ही गफलत एका मिनिटात उघड होते.

या स्मृतिचिपमधली आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मानक नोंदीत चिपची किमान गरज ठोक्यांत लिहिलेली नसते, वेळेत लिहिलेली असते. उदाहरणार्थ स्तंभासाठी १३.७५ नॅनोसेकंद. ठोके बायोस काढते आणि अपूर्णांक आला तर वरच्या पूर्ण संख्येवर नेते, कारण अर्धा ठोका थांबता येत नाही. २४००च्या वेगाला एक ठोका ०.८३३ नॅनोसेकंदाचा. १३.७५ला त्याने भागले तर साडेसोळा येतात, म्हणून सीएल १७ ठेवावा लागतो आणि प्रत्यक्ष प्रतीक्षा १४.१७ नॅनोसेकंदांची होते. चिपने न मागितलेले जवळजवळ अर्धे नॅनोसेकंद केवळ ठोक्यांच्या मापामुळे वाया गेले. १६०० आणि ३२०० या वेगांना मात्र ११ आणि २२ ठोक्यांत तीच वेळ तंतोतंत बसते.

वेग चोवीस पट, प्रतीक्षा तेवढीच

ठोक्यांचे नॅनोसेकंद करून मागे पाहिले की एक चकित करणारी गोष्ट दिसते. २०००च्या सुमारास घरोघरच्या संगणकांत पीसी१३३ ही रॅम होती. तिचा ठोका साडेसात नॅनोसेकंदांचा. साध्या पट्टीचा सीएल ३, म्हणजे २२.५ नॅनोसेकंद. चांगल्या पट्टीचा सीएल २, म्हणजे १५ नॅनोसेकंद. त्यानंतर डीडीआर-४०० सीएल ३ला, त्याही १५. डीडीआर३-१६०० सीएल ११ला, १३.७५. डीडीआर४-३२०० सीएल २२ला, पुन्हा १३.७५. मानकाप्रमाणे चालणारी डीडीआर५-४८०० सीएल ४०ला असते, तिला १६.६७ लागतात.

पीसी१३३ सेकंदाला सुमारे १.०६ गिगाबाइट माहिती देऊ शके. डीडीआर४-३२०० देते २५.६ गिगाबाइट. ओघ चोवीस पट वाढला, पण पहिला थेंब पडायला लागणारा वेळ जवळजवळ तसाच राहिला. दोनाचे बावीस झाले ते रॅम आळशी झाली म्हणून नव्हे, ठोका बारीक झाला म्हणून.

ओघ वाढवणे तुलनेने सोपे होते. ओळ एकदा अ‍ॅम्प्लिफायरांत आली की तिच्यातले अनेक बिट एकदम उचलून वेगाने बाहेर ढकलता येतात. मूळ निर्णय मात्र तसा घाईने होत नाही. लांब तारेवरचा किंचित कल ओळखायला जो वेळ लागतो, तो तारेच्या लांबीवर आणि कोठडीच्या आकारावर ठरतो. तार आखूड केली तर निर्णय लवकर होईल. पण मग तेवढ्याच कोठड्यांना जास्त अ‍ॅम्प्लिफायर लागतील, आणि एक अ‍ॅम्प्लिफायर कोठडीच्या मानाने फार जागा खातो. चिप मोठी आणि महाग होते. आखूड तारांची जलद रॅम काही खास उपकरणांसाठी बनतेही. पण घरच्या संगणकासाठी बाजाराने तीस वर्षे एकच मागणी केली, त्याच पैशांत जास्त गिगाबाइट. उत्पादकांनी सगळी प्रगती त्या दिशेने खर्च केली.

याची किंमत प्रोसेसरला मोजावी लागते. चार गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा ठोका पाव नॅनोसेकंदाचा. बंद ओळ उघडून वाचायला लागणारे २७.५ नॅनोसेकंद म्हणजे त्याचे ११० ठोके. मागणी रॅमपर्यंत पोहोचण्याचा आणि उत्तर परत येण्याचा वेळ धरला तर हा आकडा आणखी वाढतो. म्हणूनच प्रोसेसरच्या पोटात कॅशचे थर वाढत गेले. दर वेळी रॅमच्या दारात उभे राहावे लागू नये, हा त्यामागचा हेतू.

घाई केली तर काय होते

हौशी मंडळी बायोसमध्ये जाऊन हे आकडे स्वतःच कमी करतात. सोळाचे पंधरा, अठराचे सोळा. पुष्कळदा संगणक निमूट चालतो आणि त्यामुळे आपण उगाच वाया जाणारा वेळ वाचवला असे वाटते. इथे सीएल आणि टीआरसीडी यांतला एक महत्त्वाचा भेद माहीत हवा. सीएल हा दोन्ही बाजूंचा करार असतो. संगणक सुरू होताना तो आकडा चिपमधल्या एका नोंदवहीत लिहिला जातो, म्हणजे उत्तर कोणत्या ठोक्याला द्यायचे ते चिपला माहीत असते. टीआरसीडी मात्र चिपला कोणी सांगत नाही. तेवढे थांबणे ही सर्वस्वी प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरची जबाबदारी. त्याने लवकर मागितले तर चिप ‘थांबा, निर्णय झालेला नाही’ असे म्हणत नाही. त्या क्षणी अ‍ॅम्प्लिफायरवर जे असेल ते मुकाट्याने पाठवून देते.

बहुतेक कोठड्यांच्या बाबतीत ते बरोबरच निघते, कारण मानकातले आकडे सर्वांत कमकुवत कोठडी आणि सर्वांत जास्त तापमान धरून ठरवलेले असतात. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ११५ पट्ट्या तपासून ही शिल्लक मोजली होती. ५५ अंश सेल्सिअस तापमानाला टीआरसीडी सरासरी सुमारे १७ टक्क्यांनी कमी केला तरी त्यांच्या चाचण्यांत चुका आल्या नाहीत. म्हणजे ढिलाई खरोखरच असते. पण ती सरासरी आहे, आणि ती त्या तापमानाची आहे. चिप तापली की कोठडीतला विद्युतभार लवकर झिरपतो. म्हणूनच ८५ अंशांच्या वर सगळ्या कोठड्या ६४ऐवजी ३२ मिलिसेकंदांत एकदा पुन्हा भराव्यात, असे मानकच सांगते. जानेवारीतल्या रात्री व्यवस्थित चाललेली जोडणी नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी दगा देऊ शकते.

हा दगा ओळखणेही अवघड असते. संगणक बंद पडला किंवा निळा पडदा आला तर निदान शंका तरी येते. पण एखादा बिट चुकून उलटला आणि तो छायाचित्रात, हिशेबाच्या तक्त्यात किंवा जतन होणाऱ्या संकुचित फाइलमध्ये गेला, तर त्या क्षणी काहीच दिसत नाही. चुकीची प्रत डिस्कवर लिहिली जाते. तीच पुढे बॅकअपमध्ये जाते. सहा महिन्यांनी फाइल उघडत नाही, तेव्हा दोष डिस्कला दिला जातो. अशा यंत्रांत ‘कधी तरी, कुठे तरी, वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये’ अडचण येते. नेमका हा विस्कळीतपणा रॅमकडे बोट दाखवतो. एकच प्रोग्रॅम एकाच जागी दर वेळी अडत असेल तर दोष बहुधा त्या प्रोग्रॅममध्ये असतो.

शंका आली तर ‘मेमटेस्ट८६’ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालवावा. तो विंडोज सुरू होण्याआधीच चालतो आणि कोठड्यांत ठरावीक नमुने लिहून पुन्हा वाचून पाहतो. एकही चूक दिसली तरी ती जोडणी नापास समजावी. ‘फक्त दोनच चुका आल्या’ म्हणून सोडून देऊ नये. मग एक्सएमपी बंद करून, म्हणजे मानक नोंदीवर, पुन्हा तपासावे. तिथे चूक आली नाही तर पट्टी ठीक आहे आणि तिच्याकडून केलेली घाई चुकीची होती. तिथेही चूक आली तर पट्टी किंवा तिचा स्लॉट यांत दोष आहे. दोन पट्ट्या असतील तर एकेक बसवून तपासली की दोष कुठे ते सापडते. चाचणी शक्यतो यंत्र तापलेले असताना घ्यावी. थंडीत निर्दोष ठरलेली पट्टी उन्हाळ्यातही निर्दोषच राहील असे ही चाचणी सांगू शकत नाही.

चाळीसची भीती

आता सुरुवातीच्या गिऱ्हाइकाचा हिशेब पुरा करता येतो. त्याच्यापुढे मानक डीडीआर४-३२०० सीएल २२ आणि मानक डीडीआर५-४८०० सीएल ४० अशा दोन पट्ट्या आहेत. नुसते आकडे पाहिले तर नवी पट्टी ८० टक्क्यांहून जास्त संथ दिसते. नॅनोसेकंदांत पाहिले तर उघड्या ओळीसाठी १३.७५ विरुद्ध १६.६७ आणि बंद ओळीसाठी २७.५ विरुद्ध सुमारे ३३. म्हणजे फरक साधारण एक पंचमांशाचा. त्या बदल्यात ओघ सेकंदाला २५.६वरून ३८.४ गिगाबाइटवर, म्हणजे दीडपट होतो. शिवाय डीडीआर५ची प्रत्येक पट्टी दोन स्वतंत्र वाटांवरून काम करते, त्यामुळे एक मागणी थांबली असताना दुसरी पुढे सरकू शकते. व्हिडिओ संपादनासारख्या कामात, जिथे माहिती सलग येते आणि ओळ वारंवार उघडावी लागत नाही, तिथे हा ओघ उपयोगी पडतो. विखुरलेल्या नोंदी शोधणाऱ्या कामात पहिल्या प्रतीक्षेला जास्त महत्त्व येते.

जुन्या पट्टीच्या जागी नवी बसवता मात्र येत नाही. दोन्ही पिढ्यांच्या पट्टीतली खाच वेगळ्या जागी असते आणि मदरबोर्डही वेगळा लागतो. त्यामुळे चालत्या संगणकात तुलना करायची ती एकाच पिढीतल्या दोन पट्ट्यांची. तिथे सीएलला २०००ने गुणून वेगाने भागावे, टीआरसीडीचेही तसेच करावे आणि दोन्हींची बेरीज पाहावी. ३२०० सीएल १६ आणि ३६०० सीएल १८ यांत सीएलच्या वेळेचा काहीच फरक नाही. फरक पडलाच तर दुसऱ्या आकड्यामुळे आणि ओघामुळे पडेल. बेरजेतला फरक एक-दोन नॅनोसेकंदांचाच असेल, तर किमतीतला फरक खिशात ठेवलेला बरा.